पंचखंध मराठीत शिकवताना: पाचही शब्द ओळखीचे, पाचही फसवे

प्रश्न: जय भीम सर. नांदेडला आमचा रविवारचा पाली आणि बौद्ध विचाराचा वर्ग चालतो. नोट्स इंग्लिशमधे आहेत, शिकवणं मराठीत. अर्धी मुलं इंग्लिश मीडियमची, अर्धी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. पंचस्कंधांवर गाडी अडलीये. फॉर्म, फीलिंग, परसेप्शन, फॉर्मेशन्स, कॉन्शसनेस याला रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान असं लिहून दिलं तर मुलं भलतंच समजायलेत, आणि दुसरे नेमके शब्द मला सापडत नाहीत. काय करू?

उत्तर: जय भीम ताई. आधी एक सांगतो, पाच नवे शब्द शोधायचं सोडून द्या. ते सापडणार नाहीत आणि सापडले तरी मुलांच्या तोंडी बसणार नाहीत. इथं गंमत अशीय की मराठीत शब्द नाही अशी अडचण नाहीचे, शब्द आहे पण तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. 'निब्बाण' किंवा 'पटिच्चसमुप्पाद' असा अनोळखी शब्द आला की पोरगं निदान थांबतं, सर हे काय म्हणून विचारतं. 'वेदना' आली की थांबतच नाही, कारण त्याला वाटतं हे तर आपल्याला माहितीये.

शिकवायच्या आधी एकदा नुसतं विचारून बघा, पाच शब्द फळ्यावर लिहा आणि म्हणा प्रत्येकाचा अर्थ वहीत लिहा, पुस्तक उघडायचं नाही. माझ्याकडं दर बॅचला साधारण हेच येतं: रूप म्हणजे सौंदर्य, वेदना म्हणजे दुखणं, संज्ञा म्हणजे पारिभाषिक शब्द, संस्कार म्हणजे घरचं वळण, विज्ञान म्हणजे सायन्स. इंग्लिश मीडियमवाल्यांचं फार बरं असतं असं समजू नका, त्यांच्यासाठी फीलिंग म्हणजे प्रेमाबिमाची भावना आणि फॉर्म म्हणजे परीक्षेचा भरायचा तो. म्हणजे दोन्ही बाजूंनी गाडी सारखीच घसरते, फक्त वेगवेगळ्या खड्ड्यात जाते.

यात सगळ्यात धोक्याचा शब्द 'विज्ञान', कारण तो चुकला तरी वाक्य बरोबर वाटतं. मुलाला आधीपासून माहितीये की बुद्धाचा विचार विज्ञाननिष्ठ आहे, घरी, जयंतीच्या भाषणात, सगळीकडं त्यानं ते ऐकलेलं असतं, त्यामुळं पाचवा स्कंध 'विज्ञान' म्हणल्यावर त्याला एकदम पटतं, अरे वा माणसात विज्ञानपण आहे. त्याला शंका येत नाही आणि तुम्हाला त्याची चूक कळत नाही, ती कळते डायरेक्ट पेपर तपासताना. 'संस्कार'चं पण तेच. 'सर्व संस्कार अनित्य आहेत' हे वाक्य मराठी कानाला कसं लागतं बघा, आईबापानं लावलेलं वळण काय टिकत नाही!

आता मी काय करतो ते सांगतो. नामाला नाम शोधायचं नाही, क्रियापद शोधायचं. ही माझी हुशारी नाही, मूळ सुत्तातच तसं आहे. संयुत्तनिकायाच्या खंधसंयुत्तात खज्जनीय सुत्त म्हणून आहे, त्यात भगवान स्वतःच विचारतात की याला रूप का म्हणायचं, वेदना का म्हणायचं, आणि प्रत्येक वेळी उत्तर क्रियापदानं देतात. रुप्पति म्हणून रूप. वेदयति म्हणून वेदना. सञ्जानाति म्हणून सञ्ञा. अभिसङ्खरोन्ति म्हणून सङ्खार. विजानाति म्हणून विञ्ञाण. म्हणजे हे पाच 'पदार्थ' नाहीत, पाच प्रकारचं घडणं आहे, आणि मराठीत घडणं सांगायला क्रियापदं रग्गड आहेत. माझ्या वर्गात ती अशी ठरलेली आहेत: बाधणं, जाणवणं, ओळखणं, घडवणं, कळणं.

पहिलं घ्या. रुप्पति कशानं, तर सुत्तात यादीच दिलीये, थंडीनं, उष्णतेनं, भुकेनं, तहानेनं, डास, माशा, वारा, ऊन, साप यांच्या स्पर्शानं. आता याला 'पीडित होते' असं पुस्तकी लिहायची काय गरज आहे, आपल्याकडं ऊन बाधतं, थंडी बाधते, परगावचं पाणी बाधतं. मे महिन्यात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की नांदेडच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. ज्याला ऊन बाधतं ते रूप. सौंदर्याचा विषयच संपला. (जाणकार म्हणतात की 'रूप' आणि 'रुप्पति' यांचं नातं व्याकरणाचं कमी आणि शब्दखेळाचं जास्त आहे. असू द्या, आपण व्युत्पत्तीचा तास घेत नाही.) एक मात्र लक्षात ठेवा, 'रूप' पालीत दोन ठिकाणी येतं. खंधांच्या यादीत आलं तर शरीर आणि सगळं भौतिक, म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायो ही चार महाभूतं आणि त्यांच्या आधारानं असलेलं. आणि चक्खु-रूप अशी जोडी आली तर फक्त डोळ्याला दिसतं ते. दुसऱ्या ठिकाणी 'बाधणं' लावू नका, तिथं सरळ 'दिसणारं' म्हणा.

वेदनेवर जरा जास्त वेळ द्या, अर्धा तास दिला तरी चालतो, कारण हा शब्द पाली आणि मराठीत अक्षरन् अक्षर एकच आहे. रूप सोडलं तर बाकीच्यांना स्पेलिंगनं तरी वेगळं करता येतं, हिला नाही. पालीत वेदना तीन प्रकारची, सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा, म्हणजे ना दुखरी ना सुखाची. मराठीत 'सुखद वेदना' म्हणलं की वर्गात हसू येतं, कुणीतरी मागून भावगीतातली ओळ म्हणतं. हसू द्या, तिथंच कळतं की शब्द अडला. मी त्यांना म्हणतो वेदना हा शब्द वहीत लिहायचा पण डोक्यात 'जाणवणं' म्हणायचं, आणि जाणवणं तीन तऱ्हेचं, हवंसं, नकोसं आणि ना हवंसं ना नकोसं. 'हवंसं-नकोसं' ही जोडी मला इंग्लिशच्या प्लेझंट-अनप्लेझंटपेक्षा सरस वाटते, कारण त्यात पुढची तण्हा कशी चिकटते ते आधीच दिसतं. अर्थात तिथंच तिची मर्यादापण आहे. 'हवंसं' म्हणण्यात थोडी इच्छा आलीच, आणि पटिच्चसमुप्पादात वेदना ही एक कडी आहे, तण्हा ही पुढची कडी आहे. त्या धड्याला पोचलात की मुलांना स्पष्ट सांगा की हवंसं वाटणं वेगळं आणि हवंच म्हणणं वेगळं, पहिलं वेदना आणि दुसरं तण्हा.

समजलं की नाही हे तपासायला व्याख्या विचारू नका, उदाहरण मागा. सुखा वेदनेचं एक उदाहरण द्या म्हणलं की एखादी मुलगी 'बाळंतपणाच्या कळा' म्हणते, म्हणजे तिच्या डोक्यात अजून मराठी वेदनाच बसलीये, दुखणंच पण चांगल्या कारणासाठी. कुणी 'उन्हातून आल्यावर माठातलं पाणी' म्हणलं तर झालं काम. तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण सहसा येत नाही, त्यांना मी म्हणतो तुमच्या डाव्या पायाचा तळवा जमिनीला किंवा चपलेला टेकलेला आहे, आत्ता मी म्हणलो म्हणून लक्ष गेलं, त्यात ना सुख ना दुःख. ती अदुक्खमसुखा.

विपश्यनेला जाऊन आलेली एकदोन मुलं तुमच्या वर्गात नक्की असतील. ते म्हणतील सर 'संवेदना' म्हणा ना, इगतपुरीला तेच म्हणतात. शिबिरापुरता तो शब्द ठीक आहे, तिथं अंगावर जाणवणाऱ्या गोष्टींचं निरीक्षण करायचं असतं. पण वेदना फक्त अंगाचीच नसते, मनाचीपण असते. वाईट आठवण आली आणि नकोसं वाटलं तीपण वेदनाच. आणि पेपरात 'संवेदना' म्हणजे हळवेपणा, 'त्यांच्या संवेदना बोथट झाल्या' वगैरे. म्हणून मी तो शब्द नाकारत नाही, पण फळ्यावर नेत नाही.

सञ्ञा म्हणजे ओळखणं. सुत्तातलं उदाहरण एकदम सोपं आहे, निळं ओळखतं, पिवळं ओळखतं, तांबडं ओळखतं, पांढरं ओळखतं. 'संज्ञा' लिहू नका, 'सञ्ञा' लिहा. इथं फार थांबायची गरज पडत नाही. मानसशास्त्र घेतलेली मुलं असतील तर ती संवेदन, अवबोध असले शब्द आणतील, त्यांना म्हणा ते तुमच्या त्या पेपरला ठेवा.

आता सङ्खार. इथं खरी कसरत आहे, कारण पालीतच हा शब्द वेगवेगळ्या जागी वेगवेगळं काम करतो, आणि इंग्लिशवाल्यांचंपण एकमत नाही. भिक्खू बोधी यांच्या इंग्लिश अनुवादात खंधातल्या सङ्खाराला 'व्होलिशनल फॉर्मेशन्स' आहे, थानिस्सरो भिक्खू 'फॅब्रिकेशन्स' म्हणतात. तुमच्या नोट्समधे नुसतं 'फॉर्मेशन्स' आहे म्हणजे कुणीतरी मधला मार्ग काढलेला दिसतोय. बाबासाहेबांनी त्यांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लिश ग्रंथात 'सर्व सङ्खार अनिच्च' या अर्थाच्या ठिकाणी 'कंपाउंड थिंग्ज' म्हणलंय, म्हणजे अनेक गोष्टी जुळून झालेल्या वस्तू. ते तिथं चपखल आहे, पण तोच शब्द उचलून चौथ्या खंधाला लावला तर चालत नाही. मुलं नेमकं हेच करतात, एका ठिकाणचा अर्थ पाठ करून सगळीकडं लावतात.

मग मुलांना काय सांगायचं? त्यांना त्यांच्याच घरातला एक शब्द द्या, 'स्वयंपाक'. 'आई स्वयंपाक करायली' म्हणजे चाललेलं काम. 'स्वयंपाक झाकून ठेव' म्हणजे तयार झालेली भाजीभाकरी. एकच शब्द, करणंपण आणि झालेलंपण, आणि कुठल्या वाक्यात कुठला अर्थ घ्यायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सङ्खार तसाच आहे. 'सब्बे सङ्खारा अनिच्चा' इथं झालेलं, म्हणजे जे जे कारणांनी घडलं ते सगळं, डोंगर, घर, शरीर, राग, सगळं. खंधाच्या यादीत मात्र करणं, म्हणजे मनाचं घडवणं. आणि तिथं सुत्तं आणखी नेमकं सांगतात की हा सङ्खार म्हणजे चेतना, सहा विषयांबद्दलच्या सहा चेतना.

आणि इथं पुढचा खड्डा आहे, 'चेतना'. मराठीत चेतना म्हणजे जीव, जाग. 'पायात चेतना नाही', 'समाजात चेतना निर्माण झाली'. पालीत चेतना म्हणजे इरादा. 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि', भिक्खूंनो मी चेतनेलाच कम्म म्हणतो, हे वाक्य अंगुत्तरनिकायात आहे आणि मुलांना ते पाठ असतं, पण त्यातला अर्थ बहुतेकांना 'जिवंतपणा म्हणजे कर्म' असा काहीतरी धूसर लागलेला असतो. 'इरादा' लिहा. उर्दूतून आलेला शब्द आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, मराठवाड्यात तो घराघरात आहे आणि कोर्टातपण. 'हेतू' पण चालला असता, पण पालीत हेतु म्हणजे कारण, 'ये धम्मा हेतुप्पभवा' ही गाथा मुलं कधी ना कधी वाचणारच, मग तिथं पुन्हा गोंधळ. एक खड्डा चुकवताना दुसऱ्यात पाय जाणार नाही हे बघावं लागतं.

सङ्खाराच्या बाबतीत एक प्रसंग ध्यानात ठेवा, कारण तुमच्या वर्गात तो येणारच. आपल्याकडं कुणी वारलं की 'अनिच्चा वत सङ्खारा उप्पादवयधम्मिनो' ही गाथा म्हणतात, लहान लेकरांनापण ऐकून येते. आणि त्या कार्यक्रमाला आपण मराठीत म्हणतो अंत्यसंस्कार. आता पोराच्या डोक्यात काय होतं, सङ्खार म्हणजे संस्कार, संस्कार म्हणजे हा चाललेला विधी. माझ्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं की या गाथेत बुद्धानं विधी आणि कर्मकांड टिकणारे नाहीत असं सांगितलंय. उत्तर आंबेडकरी विचाराच्या इतकं जवळचं वाटत होतं की पहिल्यांदा वाचताना मलाच ते खटकलं नाही! कर्मकांडाला विरोध आहेच, पण या गाथेत तो नाही. ही गाथा म्हणते की घडलेलं सगळं उपजतं आणि मोडतं, आणि त्याचं शमणं हेच सुख. असं एखादं उत्तर आलं तर ते पूर्ण चूक म्हणून काट मारू नका, सगळ्यांसमोर वाचा आणि कुठं घसरलं ते दाखवा, त्यातून जितकं कळतं तितकं माझ्या लेक्चरनं कळत नाही.

विञ्ञाण म्हणजे कळणं. खज्जनीय सुत्तात इथं चवी आहेत, आंबट कळतं, कडू कळतं, तिखट कळतं, गोड कळतं, खारट कळतं, अळणी कळतं. 'जाणीव' हा शब्द पुष्कळ जण सुचवतात, चांगला आहे, आणि हरिपाठामुळं जाणीव-नेणीव ही जोडी आपल्याकडं जुनी आहे. पण 'जाणीव' म्हणलं की ती एक वस्तू होते, आत कुठंतरी बसलेली, आणि मग दोन मिनिटांत कुणीतरी विचारतं, म्हणजे आत्माच ना सर? अनत्ता शिकवायचा धडा आणि दारातच आत्मा हजर. 'कळणं' म्हणलं की ते चिकटत नाही, कारण कळणं कशाचं तरी असतं आणि कशानं तरी असतं. डोळ्यानं कळणं, कानानं, नाकानं, जिभेनं, अंगानं, मनानं, हे सहा, त्याच्या बाहेर सुटं कळणं नाही.

याला मज्झिमनिकायातला 38 व्या सुत्तातला साति भिक्खूचा किस्सा सांगा. साति कोळ्याचा मुलगा, तो म्हणायला लागला की हेच विञ्ञाण एका जन्मातून दुसऱ्यात फिरत जातं, न बदलता. भगवानांनी त्याला बोलावून चांगलंच सुनावलं आणि सांगितलं की आग ज्या जळणावर पेटते त्या नावानं ओळखली जाते, लाकडाची आग, गवताची आग, शेणाची आग, कोंड्याची आग, तसंच विञ्ञाण ज्या इंद्रियानं उपजतं त्या नावाचं असतं. हे आमच्या पोरांना लगेच लागतं. ती स्वतःहून यादी वाढवतात, तुराट्याचा जाळ, पऱ्हाट्याचा जाळ, गोवऱ्यांचा जाळ. तुराटी विझून गोवरी पेटली तर 'तोच जाळ तिकडं गेला' असं म्हणता येईल का, एवढाच प्रश्न टाका आणि गप्प बसा.

आता पाचही एकत्र एका घासावर चालवून दाखवतो, मी वर्गात हेच करतो. ठेचा आणि भाकरीचा घास तोंडात गेला. जीभ आणि मिरची, जिला झोंबतं ती आणि जी झोंबते ती, दोन्ही भौतिक, हे रूप. तिखट लागलं हे कळणं, विञ्ञाण. झोंबलं आणि हवंसं वाटलं की नकोसं वाटलं, ती वेदना. 'हा हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण जास्त झालाय' ही ओळख, सञ्ञा. 'अजून घ्यावा' किंवा 'पाण्याचा तांब्या ओढावा' हा इरादा उठला, तो सङ्खार. मग वर्गाला विचारा की इथं तिखट कुणाला हवंसं आणि कुणाला नकोसं, हात वर होतील दोन्हीकडं. म्हणजे चव कळली तीच, ओळख तीच, वेदना मात्र वेगळी. मराठी 'वेदना' घेऊन बसलेल्या पोराला इथं दिसतं की हवंसं वाटणारीपण वेदनाच आहे, आणि वेदना मिरचीत नाही. फक्त एक सावधगिरी, हे एकामागोमाग एक घडतात असा क्रम मुलं लिहून घेतात, एक दोन तीन चार पाच. तसं नाहीये. सुत्तं म्हणतात वेदना, सञ्ञा आणि विञ्ञाण ही एकमेकांत मिसळलेली असतात, वेगळी काढून दाखवता येत नाहीत. घास आपण सांगण्यासाठी सोडवतो एवढंच.

क्रियापदं वापरायचा अजून एक फायदा आहे जो द्विभाषिक वर्गातच दिसतो. इंग्लिशमधे 'आय फील' म्हणावं लागतं, वाक्याच्या तोंडाशी 'आय' उभाच. मराठीत 'जाणवलं', 'कळलं', 'दिसलं', कर्ता सांगायची सक्तीच नाही, फार तर 'मला' येतं आणि तेपण कर्ता म्हणून येत नाही. मी फळ्यावर इंग्लिश वाक्य लिहितो आणि शेजारी मराठी, आणि विचारतो यात 'मी' कुठं गेला. अनत्त मराठी व्याकरणात आधीच आहे असलं काही म्हणायचं नाही, ते ओढूनताणून होईल, आणि 'ओळखणं', 'घडवणं' या दोन क्रियापदांना मराठीतही 'मी' लागतोच. पण मुलांचा 'मग जाणवतं कुणाला?' हा प्रश्न इथून आपोआप येतो, आणि तो फार जुना प्रश्न आहे. संयुत्तनिकायात मोळियफग्गुन नावाच्या भिक्खूनं हाच विचारलाय, कोण वेदना अनुभवतो? उत्तर आलं, प्रश्नच नीट नाही, असं विचार की कशामुळं वेदना होते. तेव्हा तुमच्या वर्गात हा प्रश्न आला की समजा धडा रुळावर आहे.

राहिला 'खंध' हा शब्द. 'स्कंध' म्हणलं की खांदा नाहीतर भागवताचा भाग, आणि 'ॲग्रिगेट' म्हणलं की इंजिनिअरिंगची पोरं टक्केवारी सांगतात. मी 'रास' म्हणतो. खळ्यावर ज्वारीची रास असते, तिच्यात दाणे असतात, राशीचा असा वेगळा दाणा नसतो. एवढं पुरतं.

नोट्स कशा करायच्या ते शेवटी सांगतो. पाली शब्द पाली स्पेलिंगनंच लिहायला लावा, यावर मी हट्टी आहे. विञ्ञाण, सञ्ञा, सङ्खार, खंध. मोबाईलवर ञ्ञ टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून पोरं 'विन्याण' लिहितात, तेपण चालवून घ्या पण 'विज्ञान' नको. ते विचित्र दिसणं हाच त्याचा उपयोग आहे, डोळा अडतो. रूप आणि वेदना दोन्ही भाषांत सारखेच लिहिले जातात, म्हणून त्यांच्याखाली रेघ मारायची, रेघ असली की पाली अर्थ, नसली की मराठी. मग प्रत्येक शब्दाच्या पुढं मराठी क्रियापदाचं एक पूर्ण वाक्य आणि त्याच्या शेजारी तुमच्या नोट्समधला इंग्लिश शब्द. असं:

सञ्ञा: हे निळं, हे पिवळं असं ओळखणं. परसेप्शन.
वेदना (रेघेसह): हवंसं, नकोसं किंवा दोन्ही नाही असं जाणवणं. फीलिंग, पण भावना नव्हे.
सङ्खार (खंधात): इरादा करून घडवणं. फॉर्मेशन्स. (इतर ठिकाणी: घडलेलं सगळं.)

इंग्लिश मीडियमच्या मुलाला मराठी वाक्य झाकून इंग्लिशमधे सांगायला लावा आणि झेडपीच्या मुलाला इंग्लिश शब्द बघून मराठी वाक्य. जोड्या करा, एका बेंचवर एक असा एक तसा. इंग्लिशवाल्याच्या तोंडून 'सायन्स', 'पेन' किंवा 'इमोशन' निघालं तर तुमचं मराठी वाक्य कुठंतरी ढिलं आहे, पोराला बोलू नका, वाक्य बदला.

आणि संज्ञा, संस्कार, विज्ञान हे शब्द पूर्ण टाळताही येणार नाहीत. राहुल सांकृत्यायन, भदंत आनंद कौसल्यायन यांच्या हिंदी अनुवादांची आपल्याकडं मोठी ये-जा आहे, मराठी पुस्तकांतही संस्कृत रूपंच जास्त दिसतात आणि विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत 'पंचस्कंध स्पष्ट करा' असंच येतं. म्हणून धडा पूर्ण झाल्यावर, आधी नाही, एक वेगळा तास घ्या आणि संस्कृत रूपांची ओळख करून द्या, की पुस्तकात 'विज्ञान स्कंध' दिसला तर तो आपला विञ्ञाण. पेपरात मुलांनी संस्कृत शब्द लिहिले तरी चालतील, पण पहिल्यांदा लिहिताना पुढं कंसात पाली रूप आणि आपलं क्रियापद टाकायचं, विज्ञान (विञ्ञाण, कळणं) असं. बाहेरचा परीक्षक असला तरी याचे मार्क कुणी कापल्याचं माझ्या बघण्यात नाही.